उभ्या पडद्यावरचे आकडे

अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातल्या प्राध्यापक लॉरेन गार्डनर आणि त्यांच्याकडे पीएचडी करणारा एनशेंग डाँग यांनी २२ जानेवारी २०२० रोजी कोरोनाच्या रुग्णसंख्येचा एक डॅशबोर्ड जगासमोर ठेवला. काळ्या नकाशावर लाल ठिपके, डाव्या बाजूला देशांची यादी, उजवीकडे मृतांचे आणि बरे झालेल्यांचे आकडे, खाली कोपऱ्यात आलेख. पुढची दोन-तीन वर्षं वृत्तवाहिन्यांच्या पडद्यांवर तो इतक्यांदा झळकला की त्याचं रूप अनेकांना आजही आठवत असेल. मात्र ती रचना मोठ्या पडद्यासाठीच बेतलेली होती. फोनवरून पाहणाऱ्यांसाठी वेगळी मोबाइल आवृत्ती करून तिचा वेगळा दुवा द्यावा लागला.

त्याच सुमारास भारतात स्वयंसेवकांनी covid19india.org हे संकेतस्थळ उभं केलं. इथला बहुतांश वाचक फोनवरचाच असणार होता, आणि पानाची रचनाही तशीच होती. वर चार मोठे आकडे, त्यांच्याखाली चिमुकल्या रेषा, मग राज्यांची यादी. अंगठ्याने पान वर सरकवत गेलं की एकाखाली एक सगळं येत जायचं. ३१ ऑक्टोबर २०२१ ला त्यांनी काम थांबवलं, पण तोपर्यंत रोज सकाळी हे पान उघडायची सवय असंख्य घरांना लागली होती.

या दोन रचनांमधला फरक केवळ लहान-मोठ्या पडद्याचा नाही. डॅशबोर्ड या प्रकारावर ज्यांची पुस्तकं प्रमाण मानली जातात त्या स्टीफन फ्यू यांनी २००४ मध्ये त्याची जी व्याख्या केली, तिचा गाभा असा: एखादं उद्दिष्ट साधायला लागणारी सर्वांत महत्त्वाची माहिती एकाच पडद्यावर, एका नजरेत दिसावी अशी मांडलेली असते. ‘एकाच पडद्यावर’ आणि ‘एका नजरेत’ या दोन्ही अटी फोनवर मोडतात. तिथे माणसाला एका वेळी फार तर एक-दीड कार्ड दिसतं. कार्ड म्हणजे एक चौकट आणि तिच्यात एकच गोष्ट: एक आकडा, एक आलेख किंवा एक छोटी यादी. बाकीचं सगळं त्या क्षणी पडद्याबाहेर असतं. फोनवरच्या डॅशबोर्डच्या जवळजवळ सगळ्या अडचणी या एका गोष्टीतून निघतात.

समजण्यासाठी एक प्रसंग कल्पू. पश्चिम महाराष्ट्रातल्या एखाद्या तालुका दूध संघाची ३८ संकलन केंद्रं आहेत. सकाळी आणि संध्याकाळी दूध येतं, प्रत्येक केंद्रावर लिटर, फॅट आणि एसएनएफ मोजलं जातं आणि नोंदी मुख्य कार्यालयात पोहोचतात. कार्यालयातल्या संगणकावर या सगळ्याचा छान डॅशबोर्ड आहे. आजचं एकूण संकलन, केंद्रनिहाय स्तंभ, फॅट आणि एसएनएफच्या रेषा, शीतकरण टाक्यांचं तापमान, गाड्यांच्या वेळा, तालुक्याचा नकाशा आणि वर सात फिल्टर. व्यवस्थापक खुर्चीत बसून ते पाहतात आणि समाधानाने मान डोलावतात. संकलन अधिकारी मात्र मोटारसायकलवर एका केंद्रावरून दुसऱ्या केंद्रावर फिरत असतो. त्याच्या हातात फक्त फोन आहे, आणि सकाळी आठ वाजता कुठल्या केंद्रावर आधी जायचं हे ठरवायचं काम त्याचं आहे.

कार्यालयातलं पान त्याच्या फोनवर जसंच्या तसं उघडलं तर काय होतं, याचं गणित सोपं आहे. संगणकाचा पडदा १३६६ पिक्सेल रुंद आहे असं धरू. साधारण अँड्रॉइड फोन वेबपानाला उभ्या स्थितीत सुमारे ३६० पिक्सेल रुंदी देतो. म्हणजे सगळं एक चतुर्थांशाच्या आसपास आकसतं. संगणकावर बारा पिक्सेलची असलेली अक्षरं तीन पिक्सेलवर येतात. अधिकारी दोन बोटांनी पान मोठं करतो, मग आकडा दिसतो पण तो कुठल्या केंद्राचा हे दिसत नाही, म्हणून डावीकडे सरकतो, मग आकडा दिसेनासा होतो.

यावर सगळ्यांना सुचणारा उपाय म्हणजे चौकटी एकाखाली एक रचणं. आज तो तांत्रिकदृष्ट्या अगदी किरकोळ आहे. ईथन मार्कॉट यांनी मे २०१० मध्ये, पडद्याच्या रुंदीप्रमाणे स्वतःला जुळवून घेणाऱ्या वेबपानांची कल्पना एका लेखातून मांडली. तेव्हा त्यासाठी बरीच कसरत करावी लागे. आता सीएसएसच्या पाच-सहा ओळींत काम भागतं:

```css
.cards {
  display: grid;
  gap: 12px;
  grid-template-columns:
    repeat(auto-fit, minmax(min(320px, 100%), 1fr));
}
```

याचा अर्थ असा की प्रत्येक कार्डाला निदान ३२० पिक्सेल रुंदी द्यायची आणि रांगेत जितकी मावतील तितकी बसवायची. दोन्ही कडांना सोळा-सोळा पिक्सेल सोडले तर संगणकावर चार कार्डं शेजारी-शेजारी बसतात आणि फोनवर एकच. पॉवर बीआयमध्ये ‘मोबाइल लेआउट’ नावाची वेगळी उभी चौकट मिळते, तिच्यात हवी ती कार्डं ओढून आणायची. टॅब्लोमध्ये ‘फोन लेआउट’ आपोआपही तयार होतो. पडद्याची लहान बाजू ५०० पिक्सेल किंवा त्याहून कमी असली की टॅब्लो ती रचना दाखवतं.

आपोआप लागलेली ही रास मात्र क्वचितच कामाची असते. संगणकावर फिल्टर बहुधा उजव्या कडेला एका उभ्या पट्टीत असतात. रचना आपोआप मोडली की ती पट्टी थेट तळाशी जाऊ शकते. मग सहा आलेख ओलांडून गेल्यावर माणसाला ‘सकाळ की संध्याकाळ’ हा प्रश्न विचारला जातो, आणि त्याच्या उत्तराने बदलणारे सगळे आलेख मागे वर राहिलेले असतात. तसंच, संगणकावर शेजारी असलेला आकडा आणि त्याचा आलेख यांची फोनवर ताटातूट होते, कारण एक डाव्या गटात होता आणि दुसरा उजव्या. म्हणून क्रम हाताने लावावा लागतो. आणि तो लावताना ‘संगणकावर काय आधी होतं’ हे बाजूला ठेवून ‘उघडल्यावर या माणसाला पहिला निर्णय कोणता घ्यायचाय’ हे विचारावं लागतं.

क्रम केवळ दिसण्यापुरता बदलण्याची एक पळवाट सीएसएसमध्ये आहे. तिने डोळ्यांना क्रम बदललेला दिसतो, पण आंधळ्या वापरकर्त्यांना पान वाचून दाखवणारं टॉकबॅक मूळ क्रमानेच वाचत जातं. शक्य असेल तिथे मूळ मांडणीतच क्रम नीट लावलेला बरा.

आता दूध संघाकडे परत येऊ. सगळ्यांत वरचं कार्ड अर्थातच आजच्या संकलनाचं. मंगळवारी सकाळचा आकडा समजा १८,४३२ लिटर आला. गेल्या मंगळवारी सकाळी तो १९,८६० होता. म्हणजे १,४२८ लिटरची घट, सात टक्क्यांहून थोडी जास्त. कार्डावर मोठ्या अक्षरात १८,४३२ आणि खाली लाल बाण. अधिकाऱ्याच्या पोटात गोळा येतो. खासगी डेअरीने दर वाढवून दूध पळवलं की काय?

संगणकावर ही भीती वाटली नसती, कारण त्याच पडद्याच्या खालच्या उजव्या कोपऱ्यात केंद्रांच्या नोंदींची स्थिती दाखवणारी चौकट होती. तिथे दोन केंद्रं करड्या रंगात होती, म्हणजे त्यांच्या नोंदी अजून आल्याच नव्हत्या. गेल्या मंगळवारी त्या दोन केंद्रांचं मिळून १,०१० लिटर दूध होतं. ते वगळून तुलना केली तर उरलेल्या ३६ केंद्रांचं गेल्या वेळचं संकलन १८,८५० आणि आजचं १८,४३२, म्हणजे खरी घट ४१८ लिटर, सव्वादोन टक्क्यांच्या आसपास. रोजच्या चढउतारातली. संगणकासमोर बसलेल्या माणसाच्या नजरेने वरचा आकडा आणि खालचा करडा रंग यांची गाठ नकळत घातली असती. फोनवर त्या दोन गोष्टींमध्ये चार कार्डांचं अंतर पडलं आणि गाठ सुटली.

त्यामुळे फोनवरचं कार्ड एकटं वाचलं तरी खरं बोलेल असं करावं लागतं. त्या पहिल्या कार्डावर आकड्याखाली लगेच ‘३८ पैकी ३६ केंद्रांची नोंद, सकाळी ८:१० पर्यंत’ असं लिहायला हवं, आणि तुलनाही त्याच ३६ केंद्रांशी करायला हवी. संगणकावर पानाच्या माथ्यावर एकदाच लिहिलेली तारीख, पाळी आणि एकक फोनवर प्रत्येक कार्डाच्या शीर्षकात उतरतात. ‘फॅट’ एवढं शीर्षक पुरत नाही. ‘गाईचं दूध, सरासरी फॅट, सकाळ, गेले १४ दिवस’ असं लिहावं लागतं. जागा कमी असताना जास्त शब्द लिहायला सांगणं विचित्र वाटेल, पण इथे काटकसर केली तर आकडा चुकीचा वाचला जातो. शून्य आणि ‘नोंद नाही’ यांतला फरकही असाच. यादीत दोन्हीसाठी रिकामी जागा किंवा ० दिसलं, तर ज्या केंद्रावर फक्त इंटरनेट बंद आहे तिथे अधिकारी धावत जातो.

दुसरं कार्ड केंद्रांचं. संगणकावर ३८ उभे स्तंभ होते. फोनवर कडेच्या जागा सोडून आलेखाला सुमारे २९६ पिक्सेल उरतात. ३८ ने भागलं तर एका स्तंभाला आठसुद्धा नाहीत. खाली गावांची नावं तिरकी करून लिहिली तरी ती वाचता येणार नाहीत. स्तंभ आडवे करून प्रत्येकाला २८ पिक्सेल उंची दिली, तर नावं स्वच्छ दिसतात, पण आलेख हजार पिक्सेलच्या पुढे जातो आणि दीड पडदाभर पसरतो. अधिकाऱ्याला ३८ केंद्रं नकोच आहेत. त्याला आज बिघडलेली हवी आहेत. म्हणून कार्डात सर्वांत जास्त घट असलेली पाच केंद्रं, नोंद न आलेली दोन वेगळ्या रंगात, आणि तळाशी ‘सर्व ३८ केंद्रं’ असं एक बटण. उरलेली ३१ त्या बटणामागे.

तिसरं कार्ड फॅट आणि एसएनएफचं. गाईच्या दुधाला ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफ हे दरासाठीचं परिचित प्रमाण, त्यामुळे त्या मापाची एक फिकट आडवी रेघ आणि तिच्यावर चौदा दिवसांची एक रेषा एवढं पुरे. चौदा बिंदूंना २९६ पिक्सेलमध्ये ऐसपैस जागा मिळते. शेवटच्या बिंदूचा आणि सर्वांत खालच्या बिंदूचा आकडा आलेखावरच छापायचा. पाच मार्गांच्या पाच रंगीत रेषा एकावर एक टाकण्याचा मोह संगणकावर कदाचित खपून जातो. फोनवर त्याचा गुंता होतो आणि कुठला रंग कुणाचा हे सांगणारी सूची तोवर पडद्याबाहेर गेलेली असते.

चौथं कार्ड शीतकरण टाक्यांच्या तापमानाचं. दूध चार अंश सेल्सिअसपर्यंत थंड ठेवायचं असतं, त्यामुळे कार्ड एवढंच सांगतं की किती टाक्या त्या मर्यादेत आहेत आणि कुठली नाही. पाचवं गाड्यांचं. तिथे यादी थांबते. नकाशा गेला, वितरणाचा चक्राकार आलेख गेला, महिन्याची तुलना गेली. संगणकावरच्या बारा चौकटींपैकी सात फोनवर आल्याच नाहीत. त्या करणाऱ्याला याचं वाईट वाटतं, हे खरं.

उंचीबद्दल एक बारकावा इथे सांगायला हवा. पहिलं कार्ड पडद्याच्या तळाशी बरोबर संपलं, तर खाली आणखी काही आहे हे कळायला जागाच राहत नाही आणि बरेच जण तिथेच थांबतात. म्हणून उंची अशी ठेवतात की पुढच्या कार्डाचं शीर्षक खालून थोडं डोकावेल. शिवाय नेट मंद असताना आलेख उशिरा उमटतात. त्यांच्यासाठी आधीच जागा राखून ठेवली नसेल तर वरचा आलेख उमटताच खालची सगळी कार्डं धक्का बसल्यासारखी सरकतात, आणि टेकवायला निघालेलं बोट भलत्याच ठिकाणी पडतं.

बोटाचा विषय निघालाच आहे तर मांडणीच्या दुसऱ्या अर्ध्या भागाकडे वळू. डॅशबोर्ड विकत घेताना दाखवल्या जाणाऱ्या करामती बहुतेक करून माउसच्या असतात. स्तंभावर बाण नेला की छोटी पाटी उमटते आणि नेमका आकडा दिसतो. एका आलेखात क्लिक केलं की बाकीचे आलेख त्याप्रमाणे गाळले जातात. नकाशा धरून ओढता येतो. फोनवर यांतली पहिली गोष्ट उरतच नाही, कारण बोट एक तर पडद्याला टेकलेलं असतं किंवा नसतं. नुसतं वर धरून काही होत नाही. टेकवल्यावर पाटी उमटवता येते, पण तीच जागा बोटाखाली झाकलेली असते.

न्यूयॉर्क टाइम्सच्या ग्राफिक्स विभागाचे आर्ची त्से यांनी २०१६ मध्ये स्पेनमधल्या मालोफिएज परिषदेत हे रोखठोक सांगितलं होतं. त्यांच्या म्हणण्याचा आशय असा की वाचकाला पान सरकवण्यापलीकडे काही करायला लावत असाल, तर त्याबदल्यात काहीतरी जबरदस्त घडलं पाहिजे. आणि बाण नेल्यावर उमटणारी पाटी कुणीही पाहणार नाही असंच गृहीत धरा. त्यांचे माजी सहकारी ग्रेगॉर आइश यांनी पुढच्या वर्षी याला उत्तर देताना म्हटलं की बटणं दाबणारे थोडे असले तरी त्या थोड्यांना खोलात जाता आलं पाहिजे. दोघांचंही बरोबर आहे. फरक हा की बातमीचा वाचक निवांत असू शकतो; मोटारसायकल बाजूला लावून एका हाताने फोन पाहणारा अधिकारी नसतो.

सर्वांत घातक करामत कोणती, तर एका आलेखातल्या क्लिकने दुसरा आलेख बदलणं. संगणकावर ती उत्तम चालते, कारण दोन्ही आलेख डोळ्यांसमोर असतात आणि बदल होताना दिसतो. आपल्या दूध संघाच्या पानावर ती फोनवर तशीच राहू दिली तर काय होईल ते पाहा. अधिकाऱ्याने दुसऱ्या कार्डात एका केंद्राच्या नावावर बोट टेकवलं. कार्डात ती ओळ जरा गडद झाली, बाकी काहीच दिसलं नाही. त्याला वाटलं दाबलं गेलं नाही. तो खाली सरकला. तिसऱ्या कार्डात फॅटची रेषा ३.१ वर घसरलेली. ही रेषा आता फक्त त्या एका केंद्राची आहे, पण त्याला वाटतं की सगळ्या संघाचं फॅट पडलं. तो कार्यालयात फोन लावतो.

म्हणजे ज्या कृतीचा परिणाम पडद्याबाहेर होतो, ती कृती फोनवर ठेवायची नाही. केंद्राच्या नावावर बोट टेकवलं की त्या केंद्राचं स्वतंत्र पान उघडावं, वर गावाचं नाव ठळक असावं, आणि फोनचं नेहमीचं मागे जाण्याचं बटण दाबल्यावर पहिली यादी होती तिथेच दिसावी. दोन्ही पानांचे फिल्टर एकमेकांत मिसळू द्यायचे नाहीत. पॉवर बीआय आणि टॅब्लो दोन्हींमध्ये असे आलेखांचे आपसांतले दुवे बंद करता येतात, पण ते आपणहून बंद करावे लागतात. पॉवर बीआयमध्ये तर ते मुळात चालूच असतात.

सात फिल्टरांपैकी फोनवर एकच उरला: सकाळ की संध्याकाळ. तो खाली उघडणाऱ्या यादीत लपवला नाही. दोन शेजारी-शेजारी बटणं केली आणि ती पडद्याच्या वरच्या कडेला चिकटवून ठेवली. खाली कितीही सरकलं तरी आपण कुठली पाळी पाहतो आहोत हे दिसत राहतं आणि बदल केला तर समोरचं कार्ड डोळ्यांदेखत बदलतं. बटणांची उंची किती, यालाही मापं आहेत. ॲपलच्या मार्गदर्शिकेत ४४ पॉइंट, गुगलच्या मटेरियल डिझाइनमध्ये ४८ डीपी, म्हणजे पडद्यावर साधारण नऊ मिलिमीटर. त्याहून लहान बटणावर अंगठा टेकवला की शेजारचंही दाबलं जातं. आडव्या स्तंभांना दिलेले २८ पिक्सेल वाचायला पुरतात, दाबायला नाही. म्हणून जी पाच-सात केंद्रं दाबता येतात त्यांच्या ओळी ४८ च्या ठेवायच्या.

इथे एक छुपा खड्डा आहे आणि त्यात अनुभवी लोकही पडतात. मोबाइल रचनेतून फिल्टरची चौकट काढली म्हणजे फिल्टर गेला असं वाटतं. तसं होत नाही. पॉवर बीआय असो वा टॅब्लो, चौकट दिसेनाशी होते, पण संगणकावर जतन करताना तिच्यात जी निवड होती ती आकड्यांना लागू राहते. कुणीतरी ‘फक्त म्हैस’ निवडून पान जतन केलं असेल, तर फोनवर रोज फक्त म्हशीच्या दुधाचा आकडा दिसेल आणि तसं सांगणारं काहीच दिसणार नाही. हे तपासायची रीत साधी आहे: फोनवरचा एकूण आकडा आणि कार्यालयातल्या संगणकावरचा, सगळे फिल्टर मोकळे करून, शेजारी ठेवून पाहायचे. जुळले नाहीत तर कुठेतरी निवड अडकलेली आहे.

नकाशा का काढला, हेही सांगायला हवं. अंगठ्याने पान वर सरकवताना बोट नकाशावर पडलं की पान थांबतं आणि नकाशाच सरकू लागतो. मोठा नकाशा असेल तर त्यातून बाहेर पडायला कडेची चिंचोळी जागा शोधावी लागते. गुगल मॅप्सने वेबपानांसाठी यावर उपाय काढला: एका बोटाने पान सरकतं आणि नकाशा हलवायला दोन बोटं वापरा अशी सूचना उमटते. पण दोन बोटांसाठी दुसरा हात लागतो. दूध संघाच्या अधिकाऱ्याला आपल्या ३८ गावांचे रस्ते पाठ आहेत. नकाशा त्याला नवं काही सांगत नव्हता.

मराठीत असा डॅशबोर्ड करणाऱ्यांच्या वाट्याला आणखी दोन कामं येतात. परदेशी साधनं मोठे आकडे हजार आणि दशलक्षात आखडतात. १,८४,३२० लिटरचं तिथे 184.3K होतं, आणि ते वाचून लिटर किती हे आपल्याकडे झटकन कुणाला कळत नाही. वेबपानात आकड्यांसाठी भाषा `mr-IN` अशी दिली की ब्राउझर स्वतःच लाखाच्या जागी स्वल्पविराम टाकतो आणि अंकही देवनागरी करतो. दुसरं काम ओळींच्या उंचीचं. इंग्रजीसाठी बेतलेल्या घट्ट ओळीत देवनागरीच्या वेलांट्या, रफार आणि उकार वरून-खालून कापले जातात. त्यात गावांची नावं लांब. ‘पिंपळगाव बुद्रुक’ आणि ‘पिंपळगाव खुर्द’ या दोन्हींचं ‘पिंपळगाव…’ झालं तर यादी निरुपयोगी ठरते. म्हणून नावाला दोन ओळींची मुभा द्यायची, किंवा शेवटचा शब्द राखून मधला भाग आखडायचा.

हे सगळं जमलं की नाही, हे कार्यालयात बसून कळत नाही. संगणकाच्या ब्राउझरमध्ये फोनएवढी खिडकी करून पाहिली तरी हातात माउसच असतो आणि नेट कार्यालयाचं. खरा फोन, खरा माणूस आणि एक नेमका प्रश्न लागतो: ‘आज आधी कुठल्या केंद्रावर जाल?’ मग गप्प बसून बघायचं. त्याने दोन बोटांनी पान मोठं केलं तर अक्षरं लहान आहेत. फोन आडवा केला तर एखादा आलेख रुंदीत मावलेला नाही. काही न होणाऱ्या जागी पुन्हा पुन्हा बोट टेकवलं तर ती जागा बटणासारखी दिसते आहे. आणि तो दोन कार्डांमध्ये सारखा वर-खाली जात असेल, तर त्याला त्या दोन गोष्टींची तुलना करायची आहे आणि त्या एकाच कार्डात यायला हव्या होत्या. पहिल्या आकड्यापाशी नोंदींची संख्या का हवी, ते अशाच वर-खाली जाण्यातून लक्षात येतं.

या रचनेलाही मर्यादा आहेत. एकाखाली एक रचलेल्या कार्डांमधून ‘काय बिघडलं’ ते कळतं. ‘का बिघडलं’ ते क्वचितच. कुठल्या मार्गावर चाऱ्याचा दर वाढल्यानंतर फॅट उतरलं, कुठल्या केंद्रावर दर उन्हाळ्यात घट होते, हे शोधायला चार आलेख एकत्र दिसावे लागतात, फिल्टर उलटसुलट करून पाहावे लागतात, आणि त्यासाठी कार्यालयातला मोठा पडदा आणि माउस यांना पर्याय नाही. उत्पादकांच्या दहा दिवसांच्या बिलांची पडताळणीही तिथेच व्हावी. तो तक्ता फोनवर कोंबायचा आग्रह वरिष्ठांनी धरला, तर करणाऱ्याने त्यांच्याच फोनवर तो उघडून त्यांच्या हातात द्यावा आणि एका उत्पादकाचं बिल शोधायला सांगावं.